‘त्याने सांगितले की ताबा माझ्याकडे आहे’: एका साक्षीच्या इंग्रजी भाषांतरातील काळांचे प्रकरण

महाराष्ट्रातील जिल्हा आणि तालुका न्यायालयांचे कामकाज प्रामुख्याने मराठीत चालते आणि उच्च न्यायालयाचे इंग्रजीत. त्यामुळे एखादा दिवाणी दावा अपिलात वर गेला की खालच्या न्यायालयातील मराठी साक्षीचे इंग्रजी भाषांतर करावे लागते. हे काम करणाऱ्यांचे इंग्रजी बहुधा उत्तम असते. त्यांच्या मसुद्यात लेखनाच्या चुका नसतात, शब्दसंग्रह चांगला असतो, कायद्याच्या संज्ञा नेमक्या असतात. तरीही एका ठिकाणी हे मसुदे वारंवार घसरतात, आणि ते ठिकाण म्हणजे ‘सांगितले की’, ‘म्हणाला की’, ‘कळले की’ अशा भूतकाळी मुख्य वाक्यानंतर येणाऱ्या गौण वाक्याचा काळ. शाळेत शिकलेला नियम सर्वांना पाठ असतो: मुख्य क्रियापद भूतकाळी असेल तर गौण वाक्याचे क्रियापदही एक पायरी मागे न्यावे. नियम चुकीचा नाही. पण तो कोणत्या गौण वाक्याला लागू होतो, किती पायऱ्या मागे जायचे आणि कोणत्या क्षणापासून मोजायचे, हे ठरवल्याशिवाय तो लावला तर साक्षीचा अर्थच बदलतो. येथे एकाच उताऱ्यावर हे सविस्तर पाहू. उतारा अभ्यासासाठी रचलेला आहे, पण त्यातील प्रत्येक रचना प्रत्यक्ष साक्षीत रोज भेटणारी आहे.

दावा एका दुकानाच्या गाळ्याचा आहे. वादीने सरतपासणीचे प्रतिज्ञापत्र फेब्रुवारी २०१९ मध्ये दिले असून त्यात तो जून २०१६ मधील एक प्रसंग सांगतो:

‘दि. १४ जून २०१६ रोजी सायंकाळी मी प्रतिवादीच्या घरी गेलो. तिथे मला एक गृहस्थ भेटले, जे आज सोसायटीचे सचिव आहेत. प्रतिवादीने आम्हा दोघांसमोर सांगितले की गाळ्याचा ताबा माझ्याकडे आहे, मार्चपर्यंत तो भाडेकरूकडे होता. तो म्हणाला की भाडेकरूने अजून माल हलवलेला नाही, माल गेला की मी तुम्हाला गाळा देतो. त्यानंतर आम्ही गाळ्यावर गेलो. मी पाहिले की शटरला दुसरेच कुलूप होते. तेव्हा मला कळले की प्रतिवादीने तिसऱ्याच माणसाशी करार केला आहे. मी त्याला विचारले की करारनामा कुठे आहे.’

वादाचा गाभा एका प्रश्नात आहे: १४ जून २०१६ या दिवशी ताबा कोणाकडे होता आणि प्रतिवादीने त्या दिवशी नेमके काय कबूल केले? म्हणजे या उताऱ्यात काळ ही केवळ शुद्धलेखनाची बाब राहत नाही. दोन्ही बाजूंचे वकील प्रत्येक क्रियापदावर बोट ठेवून प्रश्न विचारू शकतात.

भाषांतराच्या पहिल्या मसुद्यात मधले वाक्य असे आले: ‘ही टोल्ड अस दॅट द पझेशन ऑफ द शॉप इज विथ हिम अँड टिल मार्च इट वॉज विथ द टेनंट.’ मराठी वाक्याला हे तंतोतंत चिकटून आहे. मराठीत ‘आहे’, म्हणून इंग्रजीत ‘इज’. मराठीत ‘होता’, म्हणून ‘वॉज’. तपासणाऱ्याने ‘इज’वर खूण केली आणि काळ मागे न्या असे सुचवले. त्यावर आलेला दुसरा मसुदा पहिल्याहून अधिक धोक्याचा होता: ‘ही टोल्ड अस दॅट द पझेशन ऑफ द शॉप हॅड बीन विथ हिम अँड टिल मार्च इट हॅड बीन विथ द टेनंट.’ व्याकरणदृष्ट्या दोन्ही ‘हॅड बीन’ निर्दोष आहेत. पण आता प्रतिवादी असे सांगताना दिसतो की ताबा पूर्वी कधीतरी त्याच्याकडे होता आणि मार्चपर्यंत भाडेकरूकडेही होता. १४ जूनला तो कोणाकडे होता याबद्दल तो काहीच बोलत नाही. ज्या एका वाक्यासाठी वादीने हा प्रसंग सांगितला, तेच वाक्य भाषांतरात नाहीसे झाले.

या दोन मसुद्यांमधील फरक समजण्यासाठी आधी मराठी वाक्य कसे चालते ते पाहावे लागेल. मराठीत बोलण्याच्या क्रियापदानंतर ‘की’ने सुरू होणाऱ्या नामवाक्याचा काळ मूळ बोलणाऱ्याच्या क्षणापासून मोजला जातो. प्रतिवादी १४ जूनच्या संध्याकाळी बोलत होता. त्या क्षणी ताबा त्याच्याकडे होता, म्हणून ‘आहे’. त्या क्षणाच्या आधी, मार्चपर्यंत, तो भाडेकरूकडे होता, म्हणून ‘होता’. पुढे होणारी गोष्ट असेल तर ‘होईल’ किंवा ‘देईन’. मुख्य क्रियापद ‘सांगितले’ असो, ‘सांगतो’ असो की ‘सांगेल’ असो, गौण वाक्याच्या काळाला त्याची दखल घ्यावी लागत नाही. सर्वनामही बहुधा मूळ बोलणाऱ्याचेच राहते, आणि म्हणूनच ‘माझ्याकडे’ याचा अर्थ येथे वादीकडे असा नसून प्रतिवादीकडे असा होतो. (काही लेखक ‘त्याच्याकडे’ असेही लिहितात, तेव्हा ‘तो’ कोण, हे संदर्भावरूनच कळते. भाषांतर करण्यापूर्वी सर्वनामाचा निर्णय करणे भागच असते.)

इंग्रजीत मोजमापाचा क्षण वेगळा असतो. तेथे गौण वाक्यातील वर्तमानकाळ मूळ बोलणाऱ्याच्या क्षणाशी बांधलेला राहत नाही, तर आता जो ते बोलणे कळवतो आहे त्याच्या क्षणापर्यंत येऊन पोहोचतो. ‘ही टोल्ड अस दॅट द पझेशन इज विथ हिम’ असे फेब्रुवारी २०१९ मध्ये लिहिले, तर इंग्रजी वाचकाच्या मनात दोन विधाने एकदम उभी राहतात: ताबा २०१६ मध्ये प्रतिवादीकडे होता आणि वादीच्या समजुतीप्रमाणे आजही आहे. भाषाभ्यासक याला दुहेरी संदर्भ म्हणतात. रोजच्या बोलण्यात ही रचना सर्रास वापरली जाते आणि ती अशुद्ध नाही. काल संध्याकाळी कोणी सांगितले की मला बरे नाही आणि आज सकाळी मी ते तिसऱ्याला कळवतो आहे, तर ‘ही टोल्ड मी दॅट ही इज अनवेल’ हे अगदी सहज वाक्य आहे, कारण आजार आजही चालू आहे असे मी धरून चाललो आहे. पण तीन वर्षांपूर्वीच्या ताब्याबद्दल वादीने असे काहीच धरलेले नाही. उलट त्याची संपूर्ण तक्रार अशी आहे की त्यानंतर ताबा तिसऱ्याच माणसाकडे गेला. म्हणजे पहिल्या मसुद्यातील ‘इज’ वादीच्या तोंडी त्याच्या स्वतःच्या दाव्याविरुद्ध जाणारे विधान घालते.

येथे एक गोष्ट अधोरेखित करायला हवी, कारण ती अनुभवी भाषांतरकारांच्याही नजरेतून सुटते. कळवणाऱ्याचा क्षण म्हणजे प्रतिज्ञापत्राचा क्षण होय, भाषांतराचा नव्हे. अपील पुढे २०२३ मध्ये सुनावणीस आले आणि भाषांतर तेव्हा झाले, तरी इंग्रजी मजकुरातील ‘मी’ हा फेब्रुवारी २०१९ मधील वादीच राहतो. भाषांतरकाराला २०२३ मध्ये काय माहीत आहे, याचा क्रियापदाच्या रूपाशी काहीही संबंध नाही.

आता दुरुस्ती. प्रतिवादीच्या बोलण्याच्या क्षणी जे चालू होते, त्यासाठी इंग्रजीत साधा भूतकाळ हवा, आणि त्या क्षणाच्याही आधी जे होते त्यासाठी पूर्ण भूतकाळ: ‘ही टोल्ड अस दॅट ही वॉज इन पझेशन ऑफ द शॉप अँड दॅट टिल मार्च इट हॅड बीन विथ द टेनंट.’ मराठीतील ‘आहे’ आणि ‘होता’ यांमधील अंतर इंग्रजीत ‘वॉज’ आणि ‘हॅड बीन’ यांमध्ये जसेच्या तसे राहिले. दोन्ही रूपे एकेक पायरी मागे सरकली इतकेच. दुसऱ्या मसुद्यात नेमके हेच बिघडले होते. तेथे ‘होता’ एक पायरी मागे गेला, ते योग्य होते, पण ‘आहे’ दोन पायऱ्या मागे ढकलला गेला आणि दोघे एकाच पायरीवर येऊन बसले. आपल्याकडील शिकणाऱ्यांचा समज असा असतो की भूतकाळी मुख्य वाक्यानंतर ‘हॅड’ लावले की वाक्य अधिक शुद्ध होते. तसे मुळीच नाही. ‘हॅड’ केवळ एवढेच सांगतो की ही गोष्ट आधीच्या एका भूतकालीन क्षणाच्याही मागची आहे, आणि तसे सांगायचे नसेल तर त्याचा उपयोग हानिकारकच ठरतो.

एक बारकावा मात्र प्रगत शिकणाऱ्याने लक्षात ठेवावा. ‘टिल मार्च’ हे कालदर्शक शब्द वाक्यात असल्यामुळे त्या भागात ‘वॉज’ राहिला असता तरी वाचकाचा फारसा गोंधळ झाला नसता. पण मूळ मराठीत केवळ ‘आधी तो भाडेकरूकडे होता’ किंवा नुसतेच ‘तो भाडेकरूकडे होता’ असते, तर इंग्रजीत ‘वॉज’ ठेवून चालले नसते, कारण असणे, राहणे, जवळ असणे अशा स्थितिदर्शक क्रियापदांचा साधा भूतकाळ ‘टोल्ड’नंतर आला की इंग्रजी वाचक तो त्याच क्षणाचा मानतो. ‘ही टोल्ड अस दॅट द शॉप वॉज विथ द टेनंट’ म्हणजे १४ जूनलाच गाळा भाडेकरूकडे होता. घटनादर्शक क्रियापदांचे तसे नसते. ‘ही टोल्ड अस दॅट ही साइन्ड द पेपर्स इन मार्च’ यात ‘हॅड’ नसूनही सही बोलण्याच्या आधीच झाली, असेच कोणीही वाचेल, कारण एका क्षणात पुरी होणारी कृती बोलण्याच्या क्षणाला समांतर चालू असू शकत नाही. म्हणून ‘हॅड’ कोठे अनिवार्य आहे आणि कोठे ऐच्छिक, हे क्रियापदाच्या स्वभावावरून ठरते. स्थिती असेल आणि ती आधीची असेल, तर ‘हॅड’ सोडू नये.

पुढचे वाक्य या उताऱ्यातील सर्वांत फसवे आहे: ‘भाडेकरूने अजून माल हलवलेला नाही, माल गेला की मी तुम्हाला गाळा देतो.’ पहिला भाग सोपा आहे. ‘हलवलेला नाही’ हे बोलण्याच्या क्षणापर्यंत न झालेले काम, म्हणून ‘हॅड नॉट यट रिमूव्ह्ड द गुड्ज’. दुसऱ्या भागात मात्र दोन्ही क्रियापदांची रूपे त्यांच्या अर्थाशी जुळत नाहीत. ‘देतो’ हे रूप वर्तमानकाळाचे आहे, पण येथे ते वचन आहे आणि वचन पुढच्या काळाचे असते. ‘गेला’ हे रूप भूतकाळाचे आहे, पण माल अजून गेलेला नाही. ‘गेला की’ म्हणजे ‘गेल्याबरोबर, जेव्हा जाईल तेव्हा’. शिवाय हा ‘की’ आधीच्या ‘सांगितले की’मधला नव्हे. तो नामवाक्य जोडत नाही, तर एका घटनेपाठोपाठ दुसरी घटना येणार असल्याचे दाखवतो. जो भाषांतरकार रूपावरून रूप घेईल, तो ‘देतो’चे वर्तमान एक पायरी मागे नेऊन ‘दॅट ही गेव्ह अस द शॉप’ असे लिहील, आणि मग गाळा त्या दिवशी दिलाच गेला असे प्रतिज्ञापत्र सांगू लागेल. म्हणून पायरी मागे नेण्याच्या आधी अर्थ निश्चित करावा: भविष्यकाळी वचन असेल तर ‘विल’ची पायरी मागे नेऊन ‘वुड’ येतो. ‘ही सेड दॅट ही वुड हँड ओव्हर द शॉप टू अस.’

आता ‘माल गेला की’. येथे तयार मसुद्यांत हमखास दिसणारी चूक म्हणजे ‘व्हेन द गुड्ज वुड बी रिमूव्ह्ड’. इंग्रजीत ‘व्हेन’, ‘आफ्टर’, ‘अंटिल’, ‘अ‍ॅज सून अ‍ॅज’ यांनी सुरू होणाऱ्या कालदर्शक क्रियाविशेषणवाक्यात भविष्यासाठी ‘विल’ येत नाही. साधा वर्तमानकाळ किंवा पूर्ण वर्तमानकाळ येतो. प्रतिवादी इंग्रजीत बोलला असता तर ‘आय विल हँड ओव्हर द शॉप व्हेन द गुड्ज आर रिमूव्ह्ड’ किंवा ‘हॅव बीन रिमूव्ह्ड’ असे म्हणाला असता. ज्या वाक्यात मुळातच ‘विल’ नाही, त्यात मागे नेल्यावर ‘वुड’ येण्याचे कारणच नाही. ‘आर’ची पायरी मागे नेली की ‘वेअर रिमूव्ह्ड’ आणि ‘हॅव बीन’ची मागे नेली की ‘हॅड बीन रिमूव्ह्ड’. दोन्ही शुद्ध आहेत. यातील ‘हॅड बीन’ आधीच्या ‘हॅड बीन विथ द टेनंट’सारखा दिसतो, पण त्याचे काम वेगळे आहे. तेथे तो ‘सांगितले’च्या मागे बोट दाखवत होता, येथे तो गाळा देण्याच्या, म्हणजे अजून न घडलेल्या कृतीच्या, मागे बोट दाखवतो. १४ जूनला माल गेला होता असे या वाक्याचा कोणताही भाग म्हणत नाही. प्रगत शिकणाऱ्यांनी हे वाक्य एकदा कागदावर काळरेषा काढून पडताळून पाहावे. भूतकाळी रूप असूनही घटना बोलण्याच्या पुढे कशी असू शकते, हे त्यातून जितके स्पष्ट होते तितके व्याख्येतून होत नाही.

पुढे ‘मी पाहिले की शटरला दुसरेच कुलूप होते.’ आतापर्यंतच्या विवेचनानंतर वाचकाच्या मनात येईल की मराठीतील ‘होते’ म्हणजे आधीची स्थिती, म्हणून ‘हॅड बीन’. येथे तसे नाही. पाहणे, दिसणे, आढळणे या क्रियापदांनंतर मराठीत निवेदक स्वतःच्या क्षणावरून मागे पाहत सांगू शकतो. तेव्हा ‘होते’ हे पाहण्याच्या वेळचेच असते. ‘मी पाहिले की कुलूप आहे’ असेही मराठीत चालते आणि दोन्हींचा अर्थ एकच. पण ‘त्याने सांगितले की कुलूप आहे’ आणि ‘त्याने सांगितले की कुलूप होते’ या दोन वाक्यांत मात्र स्पष्ट फरक पडतो. कारण सांगण्यात दुसऱ्या माणसाचे शब्द असतात आणि त्या शब्दांना त्यांचा स्वतःचा क्षण असतो. पाहण्यात कोणाचेच शब्द नसतात. म्हणून भाषांतर ‘आय सॉ दॅट द शटर हॅड अ डिफरंट लॉक ऑन इट’ असे साधे हवे. येथील ‘हॅड’ हे ‘असणे’चा साधा भूतकाळ आहे, पूर्ण भूतकाळाचे सहायक क्रियापद नाही, हे सांगायला नकोच. ‘कळले’ मात्र बोलण्याच्या क्रियापदांकडे झुकते. ‘कळले की करार केला आहे’ यात ‘केला आहे’ हे कळण्याच्या क्षणी पुरे झालेले काम आहे, म्हणून ‘आय लर्न्ट दॅट द डिफेंडंट हॅड एन्टर्ड इन्टू अ‍ॅन अग्रीमेंट विथ अ थर्ड पर्सन’. पहिल्या मसुद्यात येथे ‘हॅज एन्टर्ड’ होते. समजा तो करार २०१७ मध्ये रद्द झाला असेल. मग ‘हॅज’मुळे वादी २०१९ मध्येही तो करार कायम असल्याचे सुचवतो आहे असा अर्थ निघेल आणि उलटतपासणीत त्याला त्यावर खुलासा द्यावा लागेल. ‘हॅड’ याबाबत मौन पाळतो, जसे मूळ मराठी वाक्यही पाळते.

शेवटच्या वाक्यात काळाइतकाच शब्दक्रमाचा प्रश्न आहे. ‘आय आस्क्ड हिम व्हेअर वॉज द अग्रीमेंट’ ही चूक सर्वत्र आढळते. ‘व्हेअर द अग्रीमेंट वॉज’ हा क्रम हवा.

आता उताऱ्याच्या आरंभी येऊन दुसऱ्या वाक्याकडे पाहू, कारण दुसऱ्या मसुद्यातील सर्वांत गंभीर बिघाड तेथे झाला होता. ‘तिथे मला एक गृहस्थ भेटले, जे आज सोसायटीचे सचिव आहेत.’ काळ मागे न्यायचा नियम सरसकट लावून भाषांतरकाराने ‘हू वॉज द सेक्रेटरी ऑफ द सोसायटी’ असे लिहिले आणि ‘आज’ हा शब्द विसंगत वाटल्याने गाळून टाकला. परिणाम असा झाला की २०१६ मध्ये ते गृहस्थ पदावर होते आणि प्रतिवादीने सोसायटीच्या सचिवांसमोर कबुली दिली, असे चित्र उभे राहिले. सोसायटीला ताब्याच्या बदलाची माहिती होती का, हा प्रश्न पुढे आला तर हे वाक्य त्या प्रश्नाचे खोटे उत्तर देईल.

ही चूक होण्याचे कारण असे की ‘गौण वाक्य’ या एकाच शब्दाखाली वेगवेगळी वाक्ये येतात. येथील ‘जे… आहेत’ हे विशेषणवाक्य आहे. ते कोणाचेही बोलणे, विचार किंवा समजूत सांगत नाही, म्हणून त्याचा काळ मुख्य क्रियापदाच्या काळावर अवलंबून नाही. ते थेट प्रतिज्ञापत्राच्या क्षणापासून मोजले जाते, मराठीतही आणि इंग्रजीतही: ‘आय मेट अ जंटलमन हू इज नाऊ द सेक्रेटरी ऑफ द सोसायटी.’ दोन्ही भाषा या बाबतीत सारख्या वागतात आणि म्हणूनच येथे काहीही न बदलणे हेच बरोबर आहे. पायरी मागे नेण्याचा नियम मुख्यतः सांगणे, म्हणणे, वाटणे, कळणे यांच्या कर्माच्या जागी येणाऱ्या नामवाक्यांसाठी आहे. मात्र विशेषणवाक्यच जर दुसऱ्याच्या बोलण्याच्या आत असेल, तर ते त्या बोलण्याबरोबर मागे जाते. प्रतिवादी म्हणाला असता की ‘जो माणूस बाहेर उभा आहे तोच भाडेकरू आहे’, तर इंग्रजीत ‘द मॅन हू वॉज स्टँडिंग आउटसाइड वॉज द टेनंट’ असे दोन्ही क्रियापदांचे रूप मागे न्यावे लागले असते, कारण ‘उभा आहे’ हेही त्याचेच शब्द आहेत.

प्रतिज्ञापत्रांत आणखी एक रचना ठायी ठायी येते: ‘मी प्रतिज्ञापूर्वक सांगतो की प्रतिवादीने सांगितले की…’. येथे सर्वांत वरचे क्रियापद ‘सांगतो’ वर्तमानकाळी आहे. त्यामुळे काहींना वाटते की मागे नेण्याचे कारणच उरले नाही. पण गौण वाक्याला काळ देणारे क्रियापद हे त्याच्या लगतचे वरचे क्रियापद असते. ‘ताबा माझ्याकडे आहे’ हे ‘सांगितले’च्या खाली आहे, ‘सांगतो’च्या नव्हे, म्हणून ‘आय से दॅट द डिफेंडंट टोल्ड अस दॅट ही वॉज इन पझेशन’ हेच रूप येईल.

शाळेतील नियमाला जोडून शिकवला जाणारा अपवाद, म्हणजे सार्वकालिक सत्य असेल तर वर्तमानकाळ ठेवावा, हाही अशा मजकुरात जपून वापरावा. समजा उताऱ्यात पुढे असते की ‘प्रतिवादीने सांगितले की गाळ्याला दोन दरवाजे आहेत.’ गाळ्याचे दरवाजे सहसा बदलत नाहीत, म्हणून ‘हॅज टू डोअर्स’ ठेवावेसे वाटते. इंग्रजीत हे चालते, पण आवश्यक नसते; ‘हॅड टू डोअर्स’ लिहिल्याने आता दोन दरवाजे नाहीत असा अर्थ होत नाही. याउलट ‘हॅज’ ठेवताच आजही दोन दरवाजे आहेत या म्हणण्याची जबाबदारी वादीवर येते. कोणत्याही साक्षीदाराच्या तोंडी त्याने न घेतलेली जबाबदारी घालू नये, म्हणून भाषांतरात ‘हॅड’ अधिक सुरक्षित आहे. वर्तमानपत्राच्या बातमीत काल दिलेले निवेदन आज छापले जाते तेव्हा ‘विल’ आणि ‘इज’ ठेवलेले दिसतात, ते याच तत्त्वाने बरोबर असतात. तेथे सांगितलेली गोष्ट छापण्याच्या क्षणीही पुढचीच किंवा चालूच असते.

अवतरणचिन्हे घालून थेट बोलणे ठेवले तर या सर्व अडचणी टळतात, असा मार्गही कोणी सुचवतो: ‘ही टोल्ड अस, द पझेशन इज विथ मी.’ मराठी ‘की’ थेट बोलण्यासारखा वागतो हे खरे असले, तरी ते प्रत्यक्ष शब्द आहेत याची हमी तो देत नाही. साक्षीदार आशय सांगतो आहे की नेमके शब्द, हे मराठी वाक्य उघडे ठेवते. अवतरणचिन्हे ते बंद करतात. म्हणून मूळ प्रतिज्ञापत्रात अवतरणचिन्हे असतील तरच इंग्रजीत ती घालावीत.

तयार मसुदा तपासताना एक साधी रीत उपयोगी पडते. इंग्रजी मजकूर मराठी मूळ न पाहता पुन्हा मराठीत उलटवावा आणि प्रत्येक बोलणे ज्याने केले त्याच्या तोंडी घालून पाहावे. ‘हॅड बीन विथ हिम’ हे प्रतिवादीच्या तोंडी घातले की ‘ताबा माझ्याकडे होता’ असे येते, आणि मूळात ‘आहे’ असल्याने चूक तत्काळ उघडी पडते. ‘हू वॉज द सेक्रेटरी’ हे वादीच्या तोंडी घातले की ‘जे सचिव होते’ असे येते. काळाच्या संज्ञा न आठवताही यातून बहुतेक सर्व चुका पकडता येतात. केवळ ‘इज’ची चूक या रीतीने सापडत नाही, कारण ती उलटवल्यावर पुन्हा ‘आहे’च येते, ती शोधण्यासाठी भूतकाळी बोलण्याच्या क्रियापदानंतर उरलेले प्रत्येक ‘इज’, ‘हॅज’ आणि ‘विल’ डोळ्यांनी वेगळे काढून, हे साक्षीच्या दिवशीही खरे आहे असे साक्षीदार म्हणतो का, असे विचारावे लागते.

सर्व दुरुस्त्यांनंतरचा मजकूर असा होतो: ‘आय मेट अ जंटलमन हू इज नाऊ द सेक्रेटरी ऑफ द सोसायटी. द डिफेंडंट टोल्ड अस बोथ दॅट ही वॉज इन पझेशन ऑफ द शॉप अँड दॅट टिल मार्च इट हॅड बीन विथ द टेनंट. ही सेड दॅट द टेनंट हॅड नॉट यट रिमूव्ह्ड द गुड्ज, अँड दॅट ही वुड हँड ओव्हर द शॉप टू अस व्हेन द गुड्ज हॅड बीन रिमूव्ह्ड. वी देन वेंट टू द शॉप. आय सॉ दॅट द शटर हॅड अ डिफरंट लॉक ऑन इट. आय देन लर्न्ट दॅट द डिफेंडंट हॅड एन्टर्ड इन्टू अ‍ॅन अग्रीमेंट विथ अ थर्ड पर्सन. आय आस्क्ड हिम व्हेअर द अग्रीमेंट वॉज.’

यात ‘हॅड बीन रिमूव्ह्ड’ऐवजी ‘वेअर रिमूव्ह्ड’ ठेवण्याची मोकळीक अजूनही आहे. मी येथे ‘हॅड बीन’ला पसंती देतो, कारण मराठीतील ‘गेला की’ हे काम पुरे झाल्यावर असे सांगते, आणि ‘वेअर रिमूव्ह्ड’ माल हलवणे चालू असतानाही गाळा देता येईल अशी थोडी फट ठेवते. वचनाची अट किती कडक होती यावर वाद होण्याची शक्यता असलेल्या मजकुरात ती फट बुजवलेली बरी.